बदामाच्या अठ्ठीनं इस्पिकचा राजा मारला: तीन-दोन-पाचमधला हुकूम आणि हातांचा हिशेब

मे महिन्यात आमच्याकडे परभणी जिल्ह्यात दुपारी अकरानंतर बाहेर पडायची सोय नसते. जुन्या घराच्या माळवदाखाली मात्र गारवा असतो. तिथंच सतरंजी पडते आणि पत्त्यांचा कॅट निघतो. यंदा सुट्टीत पुतणी आली होती, आठवीतून नववीत गेलेली. तिला तीन-दोन-पाच शिकायचं होतं. आई, म्हणजे तिची आजी, हा खेळ पन्नासेक वर्षं खेळते आहे. तिसरा भिडू मी. नियम तिला दहा मिनिटांत समजले, पण पहिल्याच डावात तिचा इस्पिकचा राजा आजीनं बदामाच्या अठ्ठीनं नेला आणि ती हिरमुसली. "राजा मोठा ना आजी? मग अठ्ठीनं कसा काय नेला?" हा प्रश्न शिकणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून तो अख्खा डाव इथं पानापानानं मांडतो.

आधी कॅट लावून घ्या. तिघांत दहा-दहा पानं म्हणजे तीस पानं लागतात. चारही रंगांत एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी आणि अठ्ठी ठेवली की अठ्ठावीस होतात. वर इस्पिक आणि बदामाची सत्ती घ्यायची. बाकीची पानं बाजूला ठेवा. रंग म्हणजे इथं लाल-काळा नव्हे, तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांपैकी एक. म्हणजे बदाम आणि इस्पिक आठ-आठ पानांचे, चौकट आणि किलवर सात-सात पानांचे. हे आकडे लक्षात ठेवायचेच, कारण पुढं हुकूम मोजताना तेच कामाला येतात.

वाटणाऱ्यानं दोन हात करायचे. त्याच्या उजवीकडच्यानं पाच करायचे आणि हुकूमही त्यानंच बोलायचा. उरलेल्यानं तीन. पत्ते आधी पाच-पाच वाटतात. पाचवाला फक्त तेवढी पाच पानं बघून हुकूम सांगतो, मग राहिलेली पाच-पाच वाटली जातात. पहिली उतारी पाचवाल्याची. पुढं ज्यानं हात केला तोच उतरतो.

हात कुणाचा, हे ठरवणारे दोन प्रश्न

तीन पानं पडली की दोनच प्रश्न विचारायचे, आणि तेही याच क्रमानं. पहिला: यात हुकुमाचं पान आहे का? असेल तर सगळ्यात मोठं हुकुमाचं पान जिंकलं, बाकी काही बघायचं नाही. नसेल तर दुसरा प्रश्न: उतारी कोणत्या रंगाची होती? त्या रंगातलं सगळ्यात मोठं पान जिंकलं.

नवीन माणूस नेमका इथं चुकतो. तो तिन्ही पानांत आधी मोठं पान शोधतो. समजा बदाम हुकूम आहे, किलवरची नव्वी उतरली, दुसऱ्यानं किलवरची दश्शी टाकली आणि तिसऱ्याकडं किलवर नाही म्हणून त्यानं चौकटचा एक्का टाकला. हात दश्शीचा. चौकटचा एक्का कितीही मोठा असला तरी तो ना हुकूम आहे, ना उतरलेल्या रंगाचा. तो वाया गेला. त्याच जागी तिसऱ्यानं बदामाची सत्ती टाकली असती तर तीस पानांतल्या त्या सगळ्यात लहान पानानं हात नेला असता.

मात्र हुकूम मनाला येईल तेव्हा टाकता येत नाही. उतरलेल्या रंगाचं पान हातात असेल तर तेच द्यावं लागतं. रंग संपला असेल तरच हुकूम मारता येतो, आणि तेव्हाही मारायलाच पाहिजे अशी सक्ती नाही; दुसरं नको असलेलं पान फेकलं तरी चालतं. हुकुमाचा सगळा जोर या अटीतून येतो. अठ्ठीनं राजा मारला तो अठ्ठी मोठी म्हणून नव्हे. आजीकडं इस्पिक संपलं होतं म्हणून.

पुतणीचा डाव

मी पत्ते वाटले होते, म्हणून माझे दोन. उजवीकडं पुतणी, तिचे पाच. तिच्या उजवीकडं आई, तिचे तीन. पहिल्या पाच पानांत पुतणीला बदामाचे राजा, गुलाम, नव्वी आणि इस्पिकचे एक्का, राजा आले. ती इस्पिक हुकूम बोलणार होती. आईनं तिला थांबवलं. "एक्का-राजा हुकूम नसले तरी हात करतेतच की. हुकूम त्या रंगाचा बोल, ज्याची बारकी पानं कामाला येतील."

हुकूम बोलण्याबद्दल मला यापेक्षा नेमकं कुणी सांगितलेलं नाही. बदाम हुकूम केला की नव्वीसुद्धा हात करू शकते. इस्पिक हुकूम केला असता तर बदामाची तिन्ही पानं साधी राहिली असती आणि हुकूम दोनच उरले असते. पुतणीनं बदाम सांगितला. सगळी पानं वाटून झाल्यावर तिघांकडं पानं अशी होती:

पुतणी: बदाम राजा, गुलाम, नव्वी, सत्ती, इस्पिक एक्का, राजा, चौकट नव्वी, किलवर राणी, दश्शी, अठ्ठी.

आई: बदाम एक्का, अठ्ठी, इस्पिक गुलाम, चौकट राजा, राणी, दश्शी, अठ्ठी, किलवर एक्का, गुलाम, नव्वी.

मी: बदाम राणी, दश्शी, इस्पिक राणी, दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती, चौकट एक्का, गुलाम, किलवर राजा.

पुतणीनं पहिल्यांदा इस्पिकचा एक्का उतरला. आईनं गुलाम दिला, मी सत्ती. हात पुतणीचा. लगेच तिनं इस्पिकचा राजा उतरला. आईकडं एकच इस्पिक होतं, ते गेलं होतं. तिनं बदामाची अठ्ठी मारली, मी इस्पिकची अठ्ठी दिली. दोन अठ्ठ्या आणि मध्ये राजा, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' होतं, म्हणून हात आईचा.

आईनं किलवरचा एक्का उतरला. माझा एकुलता राजा त्यात गेला, पुतणीची अठ्ठी गेली. आईचे दोन झाले. मग तिनं चौकटचा राजा उतरला, मी एक्का मारला, पुतणीनं नव्वी दिली. माझा एक.

आता मी इस्पिकची राणी उतरली, आणि या डावातला सगळ्यात शिकण्यासारखा हात इथंच झाला. पुतणीकडं इस्पिक नव्हतं, तिनं बदामाची सत्ती मारली. तिला वाटलं हात झाला. पण इस्पिक आईकडंही नव्हतं आणि तिची पाळी नंतर होती. तिनं बदामाचा एक्का टाकला. एका हातात दोन हुकूम पडले की मोठा हुकूम जिंकतो. आईचे तीन पुरे झाले.

आईनं चौकटची राणी उतरली, मी गुलाम दिला, पुतणीनं बदामाच्या नव्वीनं हात घेतला. मग तिनं बदामाचा राजा उतरला, आईनं हुकूम संपल्यामुळं चौकटची अठ्ठी फेकली, माझी बदामाची दश्शी गेली. पुतणीचे तीन झाले. पुढं तिनं किलवरची राणी उतरली. एक्का-राजा गेले होते, म्हणजे किलवरमधलं ते सगळ्यात मोठं पान होतं, पण माझ्याकडं किलवर संपलं होतं आणि बदामाची राणी शिल्लक होती. आईनं नव्वी दिली, मी हुकूम मारला, माझे दोन झाले. मी इस्पिकची दश्शी उतरली, पुतणीनं बदामाच्या गुलामानं ती घेतली, आईनं चौकटची दश्शी फेकली. पुतणीचे चार. शेवटी तिच्याकडं किलवरची दश्शी राहिली, आईकडं किलवरचा गुलाम. हात आईचा.

पुतणी चार, आई चार, मी दोन. पाचवालीला एक हात कमी पडला.

तीच पानं, आधी हुकूम काढून

आईनं सगळी पानं पुन्हा होती तशी वाटायला लावली. "आता आधी हुकूम काढ. बाहेर चार हेत. ते गेल्याबिगर एक्के-राजे काढायचे नसतेत."

बाहेर चार कसे, ते तिनं बोटांवर मोजून दाखवलं. बदाम आठ, त्यातले चार आपल्याकडं, म्हणजे समोरच्या दोघांत मिळून चार.

पुतणीनं बदामाचा राजा उतरला. आईनं एक्का मारला, मी दश्शी दिली. हात गेला, पण बाहेरचे दोन हुकूमही गेले. आईनं पहिल्यासारखाच किलवरचा एक्का घेतला, मग चौकटचा राजा उतरला, तो मी एक्क्यानं नेला. मी इस्पिकची राणी उतरली. या वेळी पुतणीकडं इस्पिकचा राजा होता, आणि आईकडंही इस्पिकचा गुलाम अजून होता. आईला गुलाम द्यावाच लागला. बदामाची अठ्ठी तिच्या हातातच होती, पण रंग असल्यामुळं ती मारता येईना. राजा वाचला, पुतणीचा पहिला हात झाला.

मग पुतणीनं बदामाचा गुलाम उतरला. आईची अठ्ठी पडली, माझी राणी पडली. हात मी घेतला, माझे दोन झाले. पण आता बदामाची आठपैकी सहा पानं पडली होती आणि उरलेल्या नव्वी-सत्ती दोन्ही पुतणीच्या हातात होत्या. तिला कापणारं कुणी राहिलं नाही. मी इस्पिकची दश्शी उतरली, तिनं एक्क्यानं घेतली, आईनं चौकटची अठ्ठी फेकली. किलवरची राणी उतरली, आईनं नव्वी दिली. मागच्या डावात हीच राणी मी हुकमानं कापली होती. आता माझ्याकडं हुकूम नव्हता, राणीनं हात केला. मग बदामाची नव्वी आणि सत्ती, दोन हात. शेवटची किलवरची दश्शी आईच्या गुलामानं नेली.

पाच, तीन, दोन. पानं तीच, उतारीचा क्रम फक्त बदलला.

हुकूम काढताना दोन मोठी पानं हातची जातात, हे पुतणीला खटकलं. राजा एक्क्याखाली गेला, गुलाम राणीखाली गेला. पण ती दोन पानं देऊन बाहेरचे चारही हुकूम निघाले, आणि मागची नव्वी-सत्ती एक्क्याच्या मोलाची झाली. हा सौदा प्रत्येक वेळी परवडतोच असं नाही. हातात दोनच बारके हुकूम असतील आणि एखादा रंग मुळीच नसेल, तर उलट करायचं: हुकूम उतरायचे नाहीत, नसलेल्या रंगाची उतारी येईपर्यंत जपून ठेवायचे आणि कापायला वापरायचे. दोनवाल्याला बहुतेक वेळा हेच करावं लागतं. पहिल्या डावात माझा दुसरा हात तसाच झाला.

राजा कापला जाण्याचा धोका किती होता, हेही बघण्यासारखं आहे. पुतणीकडं इस्पिकची दोन पानं, बाहेर सहा. ती दोघांत तीन-तीन किंवा चार-दोन अशी पडली तर दुसरं इस्पिक सुखरूप जातं. पाच-एक किंवा सहा-शून्य पडली तर कुणाकडं तरी एकच इस्पिक असतं किंवा एकही नसतं. हिशेब केला तर असं साधारण सात डावांत एकदा होतं. पण हातात इस्पिकची चार पानं असतील तर बाहेर चारच राहतात, आणि ती दोन-दोन अशी पडली नाहीत तर दुसरंच इस्पिक धोक्यात येतं. असं दहापैकी जवळजवळ सहा वेळा होतं. नवीन खेळणाऱ्याला वाटतं, माझ्याकडं रंग लांब आहे म्हणजे एक्का-राजा पक्के. हुकूम नसलेल्या रंगात नेमकं उलटं असतं. आपल्याकडं पानं जितकी जास्त, तितकी समोरच्यांकडं कमी, आणि तितकं कापलं जाणं लवकर.

हिशेब कसा चालतो

पाच, तीन आणि दोन मिळून दहा होतात आणि हातही दहाच असतात. म्हणून कुणाचा एक जास्त झाला की दुसऱ्या कुणाचा एक कमी झालेलाच असतो. पहिल्या डावात आईचा एक जास्त, पुतणीचा एक कमी, माझा बरोबर. हा एक हात पुढच्या डावात वसूल होतो. आमच्याकडं त्याला पान ओढणं म्हणतात.

पुढचा डाव पुतणीनं वाटायचा, म्हणून तिचे दोन. तिच्या उजवीकडची आई पाचवाली, आणि माझे तीन. पाच केले की पुढच्या डावात दोन, मग तीन, मग पुन्हा पाच. तीन डावांत प्रत्येकाच्या वाट्याला दहाच हात येतात, त्यामुळं पाचाचं ओझं कुणा एकावर राहत नाही.

हुकूम बोलून झाला, दहाही पानं हातात आली की पहिल्या उतारीआधी ओढायचं. पुतणीनं पानं पंख्यासारखी धरायची, पाठ आईकडं. आईनं न बघता एक पान ओढायचं आणि बदल्यात स्वतःचं कोणतंही एक पान द्यायचं. दोन हात जास्त असतील तर असं दोनदा. ओढलेलं पान तसंच परत देता येतं का, ओढायच्या आधी हुकूम बोलायचा की नंतर, यात घराघरांत फरक आहे; खेळ सुरू करण्याआधी एकदा बोलून घ्या, नाहीतर भांडण ठरलेलं.

परत कोणतं पान द्यायचं, यात खरं कसब आहे. बहुतेक जण हातातलं सगळ्यात बारकं पान देतात. आई तसं करत नाही. पुतणीनं वाटलेल्या त्या पुढच्या डावात तिनं किलवर हुकूम बोलला होता. तिच्याकडं बदामाच्या सत्ती-अठ्ठी-दश्शी होत्या आणि चौकटची एकटी नव्वी. तिनं नव्वी दिली. सत्तीपेक्षा नव्वी मोठी, मग ती का? कारण नव्वी गेली की चौकट हा रंगच तिच्या हातात राहिला नाही. चौकटचा एक्का कुणीही उतरला तरी तो पहिल्याच फेरीत कापता येणार होता. बदामाची सत्ती देऊन बदाम काही संपले नसते. ओढणीत मिळालेल्या पानापेक्षा दिलेलं पान कधीकधी जास्त उपयोगाचं ठरतं.

ज्यांना ओढाओढी नको, त्यांनी वही घ्यावी. प्रत्येक डावानंतर केलेल्या हातांतून ठरलेले हात वजा करून लिहायचं: पुतणी उणे एक, आई अधिक एक, मी शून्य. प्रत्येक ओळीची बेरीज शून्य आलीच पाहिजे. नाही आली तर हात मोजण्यात चूक आहे, तिथंच थांबून पुन्हा मोजा. आणि खेळ संपवायचा तो तीनच्या पाढ्यात, तीन, सहा किंवा नऊ डावांनंतर. मध्येच उठलं तर एखाद्यानं पाच दोनदा केलेले असतात आणि दुसऱ्यानं एकदाच.

इंग्रजांच्या व्हिस्टमध्ये हाच हुकूम असतो, हिशेब मात्र वेगळा. तिथं चौघं, बावन्न पानं, तेरा हात. वाटणाऱ्याचं शेवटचं पान उघडं करतात, त्याचा रंग हुकूम. जोडीचे पहिले सहा हात गुणात धरत नाहीत, सातव्यापासून प्रत्येक हाताला एक गुण. म्हणजे सगळ्यांची अट एकच असते. आपल्याकडं अट तिघांची तीन प्रकारची, आणि हुकूम बोलायचा मान ज्याला जास्त करायचेत त्याला. मेंढीकोटात तर सगळे हात सारखे मोलाचे नसतात, ज्या हातात दश्शी पडते तो महत्त्वाचा. म्हणून तिथं हुकूम दश्शीसाठी राखतात. तीन-दोन-पाचमध्ये सत्तीनं केलेला हात आणि एक्क्यानं केलेला हात सारखाच.

हातात रंग असून हुकूम मारला तर

ही चूक मुद्दाम कमी आणि गडबडीत जास्त होते. बदाम आणि चौकट दोन्ही लाल, हातात शेजारी लावले की एक दुसऱ्यात लपतं. उपाय साधा आहे: एक लाल, एक काळा, पुन्हा लाल, पुन्हा काळा असं पानं लावायचं.

चूक ओळखायची तर जिंकलेले हात एकत्र मिसळू नका. तीन-तीन पानांचा गठ्ठा, एक आडवा, एक उभा, असे उपडे ठेवा. कुणी चौकटच्या उतारीवर हुकूम मारला आणि तीन हातांनंतर त्याच्याकडून चौकट पडलं, तर मागचा गठ्ठा उघडून दाखवता येतो. आमच्याकडं तो हात चूक करणाऱ्याकडून काढून ज्याचा झाला असता त्याला देतात, आणि डाव तसाच पुढं चालतो.

पुतणीनं तिसऱ्या दिवशी हीच चूक आजीची पकडली. आईनं चष्मा काढून ठेवला होता, चौकटची दश्शी बदामात गेली होती. पुतणीनं आडवा गठ्ठा उचलला, तीन पानं सतरंजीवर सुलटी केली आणि म्हणाली, "आजी, हा हात माझा हे." आईनं पानं जवळ घेऊन बघितली आणि गठ्ठा तिच्याकडं सरकवला.